सात तारखेची तीन कामं

सीएच्या आर्टिकलशिपनंतरच्या मुलाखतींमध्ये मला दोनदा विचारलं गेलं, "तीन कामं एकदमच अर्जंट आली तर काय करता?" दोन्ही वेळा मी ७ सप्टेंबर २०२३ चा दिवस सांगितला.

सदाशिव पेठेतलं आमचं ऑफिस. सकाळी टेबलावर तीन कामं होती. एका क्लायंटचा ऑगस्टचा टीडीएस भरायचा होता, ६० हजार रुपये. दुसऱ्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला हवं होतं आणि त्यासाठी सतत फोन येत होते. तिसऱ्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न, त्याची मुदत ११ तारखेची.

फोनच्या दडपणाखाली मी स्टॉक स्टेटमेंट उघडलं आणि तासभर त्यातच गेला. सर टेबलाशी आले आणि म्हणाले, "हे उद्या दिलं तर काय होईल, ते प्रत्येक कामाला विचार."

टीडीएसची मुदत त्याच दिवशी संपत होती. ऑगस्टमध्ये कापलेला कर ८ सप्टेंबरला भरला, तर एका दिवसाच्या उशिरासाठी ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने धरले जातात. महिन्याला दीड टक्का, म्हणजे ६० हजारांवर १,८०० रुपये व्याज. जीएसटीआर-१ राहिलं असतं तर खरेदीदाराला त्या महिन्याच्या २बी या जीएसटीच्या यादीत बिलं दिसली नसती आणि त्याचं भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट अडकलं असतं. नुकसान मोठं, पण हातात चार दिवस होते. स्टॉक स्टेटमेंटबद्दल क्लायंटला बँकेत विचारायला सांगितलं, तर उद्या सकाळी चालेल असं उत्तर आलं. इतक्या फोनांत हे कुणी विचारलंच नव्हतं!

दुसरी गोष्ट मला त्या दिवशीच उमगली. चलान तयार करायला मला जेमतेम पंधरा मिनिटं लागणार होती, पण पैसे भरणार होते क्लायंटचे भागीदार, त्यांच्या नेटबँकिंगने, त्यांच्या मोबाइलवरच्या ओटीपीने. त्या दिवशी दहीहंडी होती आणि हे काका मंडळाचे कार्यकर्ते. संध्याकाळी स्पीकरच्या भिंतीपुढे त्यांना फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून साडेअकराला चलान पाठवलं आणि लगेच फोन केला, "काका, चारच्या आत भरा, नंतर तुम्ही सापडणार नाही."

ते भरतील तोवर जीएसटीआर-१ चा सेल्स रजिस्टर तपासला. दोन क्रेडिट नोट सापडत नव्हत्या, त्या क्लायंटकडून मागवल्या. त्या यायला दोन दिवस लागले. मागणी ११ तारखेला केली असती तर रिटर्न अडकलंच असतं.

पावणेचारला टीडीएसची पावती आली. स्टॉक स्टेटमेंट दुसऱ्या दिवशी दहाला गेलं.

दुसऱ्या मुलाखतीत पुढचा प्रश्न आला, "मागे ठेवलेल्या कामाचं कुणाला कळवलं होतं का?" मी सांगितलं, दुपारी बाराच्या आतच. सरांना आणि क्लायंटला, उद्या सकाळी दहाची वेळ देऊन.