ऑडिट रिपोर्ट कसा वाचायचा: साध्या शेअरहोल्डरसाठी, क्रमाने

कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट ईमेलवर येतो, दोनशे-तीनशे पानांचा, आणि आपण काय बघतो तर चेअरमनचं पत्र, नफ्याचा आकडा, डिव्हिडंड किती ते, आणि फाइल बंद. ऑडिटरचा रिपोर्ट मधे कुठेतरी असतो, भाषा दरवर्षी तीच वाटते म्हणून कोणी वाचत नाही. पण सगळ्या पुस्तकात बाहेरच्या माणसाने सही करून लिहिलेली जी मोजकी पानं असतात त्यातली ही सगळ्यात महत्त्वाची, बाकी बरंचसं मॅनेजमेंटने स्वतःबद्दल लिहिलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतो, फक्त कुठे थांबायचं ते माहीत पाहिजे. खाली जे लिहिलंय ते भारतातल्या लिस्टेड कंपन्यांबद्दल आहे.

पायरी १: रिपोर्ट शोधा, आणि दोन असतात हे लक्षात ठेवा

पीडीएफमध्ये इंडिपेंडंट ऑडिटर्स रिपोर्ट असं सर्च करा. कंपनीला सबसिडियरी असतील तर दोन रिपोर्ट सापडतील, एक स्टँडअलोन म्हणजे फक्त मूळ कंपनीचा आणि दुसरा कन्सॉलिडेटेड म्हणजे सगळ्या ग्रुपचा. दोन्ही बघायचे, कारण अडचण बऱ्याचदा सबसिडियरीत असते आणि स्टँडअलोनमध्ये तिचा नीट पत्ता लागत नाही.

आणखी एक, दर तिमाहीच्या निकालासोबत ऑडिटरचं जे पत्र येतं ते बहुतेक वेळा लिमिटेड रिव्ह्यू असतं. त्यात मुख्यतः चौकशी आणि आकड्यांचं विश्लेषण असतं, ऑडिटइतकी खोल तपासणी नसते. त्याला ऑडिट समजू नका.

पायरी २: पहिल्या परिच्छेदातलं ओपिनियन ओळखा

पहिलाच मथळा ओपिनियनचा असतो. नुसतं "ओपिनियन" लिहिलं असेल तर तो क्लीन रिपोर्ट. मथळ्यातच क्वालिफाइड, ॲडव्हर्स किंवा डिस्क्लेमर हा शब्द आला की तिथे थांबायचं. क्वालिफाइड म्हणजे अमुक एक गोष्ट सोडून बाकी हिशेब ठीक, परिच्छेदात "एक्सेप्ट फॉर" हे शब्द दिसतील. ॲडव्हर्स म्हणजे चूक इतकी पसरलेली आहे की हिशेब खरं चित्र दाखवतच नाहीत असं ऑडिटर स्पष्ट म्हणतोय. आणि डिस्क्लेमर म्हणजे पुरेसा पुरावाच मिळाला नाही म्हणून मी मतच देत नाही. लिस्टेड कंपनीत शेवटचे दोन क्वचित दिसतात, पण दिसले तर नफ्याच्या आकड्यावर आधारलेलं कुठलंही गणित करण्यात अर्थ नाही, कारण तो आकडाच आधाराला उरत नाही.

पायरी ३: क्वालिफिकेशनचं रुपयांत रूपांतर करा

हे सगळ्यात कामाचं आहे आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. ओपिनियनच्या खालीच "बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन" असतं, तिथे कारण लिहिलेलं असतं आणि जमत असेल तर रक्कमही.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. करपूर्व नफा ६० कोटी, २५ टक्के कर धरला तर निव्वळ नफा ४५ कोटी, शेअर ३ कोटी, म्हणजे शेअरमागे कमाई १५ रुपये. बाजारात भाव १८०, म्हणजे पीई १२, स्वस्त वाटतोय. आता बेसिसमध्ये ऑडिटरने लिहिलंय की ग्रुपमधल्याच एका कंपनीकडून ४२ कोटींची उधारी तीन वर्षांपासून आलेली नाही, ती बुडू शकते म्हणून नफ्यातून काही प्रोव्हिजन केलेली नाही, आणि ती वसूल होईल याचा पुरेसा पुरावा आम्हाला मिळाला नाही.

समजा ते ४२ कोटी बुडाले आणि तो तोटा याच वर्षात धरला. करपूर्व नफा १८ कोटी उरतो, कर जाऊन १३.५ कोटी, शेअरमागे साडेचार रुपये, आणि त्याच १८० भावाला पीई होतो ४०. म्हणजे जो शेअर स्वस्त म्हणून घेत होतो तो महाग निघाला, आणि हे सगळं एका परिच्छेदात छापलेलं होतं. सगळे ४२ कोटी बुडतीलच असं नाही, निम्मेही येतील, पण निदान किती रकमेचा प्रश्न आहे ते तरी कळतं.

हे गणित स्वतः करायचा कंटाळा असेल तर सोपी वाट आहे. मॉडिफाइड ओपिनियन, म्हणजे वरच्या तिन्हींपैकी कुठलंही, असेल तर सेबीच्या नियमाने कंपनीला वार्षिक निकालासोबत स्टेटमेंट ऑन इम्पॅक्ट ऑफ ऑडिट क्वालिफिकेशन्स एक्स्चेंजवर द्यावं लागतं. त्यात क्वालिफिकेशन धरण्याआधीचे आणि धरल्यानंतरचे आकडे शेजारी शेजारी असतात, हे पहिल्यांदाच आलंय की दरवर्षी येतंय तेही लिहावं लागतं, आणि मॅनेजमेंटचं म्हणणंही. तेच क्वालिफिकेशन तिसऱ्या-चौथ्या वर्षी तसंच असेल आणि मॅनेजमेंटचं उत्तर दरवर्षी "वसुलीची खात्री आहे" एवढंच असेल, तर माझ्या मते ती रक्कम गेली असं धरूनच भाव ठरवावा.

पायरी ४: क्लीन असला तरी पुढचे दोन मथळे वाचा

क्लीन ओपिनियन दिसलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण त्याच रिपोर्टमध्ये खाली "मटेरियल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न" असा मथळा असू शकतो. याचा अर्थ कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दलच मोठी शंका आहे, मात्र कंपनीने ती शंका नोट्समध्ये नीट सांगितली आहे म्हणून ओपिनियन बदललेलं नाही. म्हणजे हिशेब बरोबर आणि कंपनी बुडायला आलेली, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

दुसरा मथळा एम्फसिस ऑफ मॅटर. इथे ऑडिटर नोट नंबर देऊन फक्त बोट दाखवतो, मोठा कोर्टातला वाद असेल, एखाद्या तपास यंत्रणेची चौकशी असेल. ती नोट उघडून वाचायचीच, नंबर दिलेला असतो तो त्यासाठीच.

की ऑडिट मॅटर्स मात्र वेगळे. ऑडिट करताना ज्या गोष्टींवर सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागलं त्या तिथे येतात, ती तक्रार नसते, त्यामुळे बघून घाबरू नका. फक्त मागच्या वर्षीच्या यादीशेजारी ठेवून नवीन काय आलं ते बघा.

कन्सॉलिडेटेड रिपोर्टमध्ये "अदर मॅटर्स" सोडू नका. तिथे लिहिलेलं असतं की अमुक सबसिडियरींचं ऑडिट आम्ही केलेलं नाही, दुसऱ्या ऑडिटरने केलंय, आणि त्यांची मालमत्ता आणि उत्पन्न इतके कोटी. ते ग्रुपच्या एकूण आकड्याच्या किती टक्के येतं ते काढा. काही वेळा तर सबसिडियरीचे आकडे ऑडिट न झालेले, मॅनेजमेंटने दिलेले तसेच घेतलेले असतात. अशांचा वाटा मोठा असेल तर क्लीन ओपिनियनवर किती विसंबायचं हे ज्याने त्याने ठरवावं.

पायरी ५: जोडपत्र, म्हणजे कारो

रिपोर्टच्या शेवटी ॲनेक्शर असतं, कारो २०२० या आदेशाप्रमाणे, २१ कलमं. बरीच रुक्ष असतात, पण चार बघा. दुसऱ्या कलमात कंपनीने बँकेला दर तिमाहीला दिलेले आकडे तिच्या हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का ते येतं (५ कोटींवरच्या वर्किंग कॅपिटल लिमिटसाठी). बँकेला स्टॉक जास्त दाखवला आणि वह्यांत कमी, असा फरक दर तिमाहीला दिसत असेल तर मला ते फार खटकतं. नवव्या कलमात कर्जाचे हप्ते चुकले का, आणि अल्प मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या कामाला वापरला का. अठराव्यात वर्षभरात ऑडिटरने राजीनामा दिला का. एकोणिसाव्यात पुढच्या वर्षभरात द्यायची देणी कंपनी देऊ शकेल का. मुख्य ओपिनियन क्लीन आणि इथे नवव्या कलमात थकलेल्या हप्त्यांचा तक्ता, असं होऊ शकतं, आणि त्यात नियमाचा काही भंग नाही.

ओपिनियन नेमकं कशाची हमी देतं

रिपोर्टमध्येच लिहिलेलं असतं की आम्ही रीझनेबल ॲश्युरन्स देतो, ती वरच्या पातळीची खात्री आहे पण गॅरंटी नाही. ऑडिटर प्रत्येक बिल बघत नाही, नमुने तपासतो, आणि एक मर्यादा ठरवतो जिच्या खालच्या चुका एकूण चित्र बदलत नाहीत. नफ्यात चालणाऱ्या कंपनीत करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास ही मर्यादा धरायची बरीच पद्धत आहे, म्हणजे २०० कोटी नफा असेल तर १० कोटी. क्लीन रिपोर्टमध्ये त्याहून छोट्या चुका राहिलेल्या असू शकतात.

आणि शेअर वर जाईल, धंदा चांगला आहे, मॅनेजमेंट हुशार आहे, पुढच्या वर्षी नफा होईल, यातलं काहीही ओपिनियन सांगत नाही. ३१ मार्चचे हिशेब, मे महिन्यात सही, त्यानंतर ऑगस्टमध्ये काय झालं त्याच्याशी या रिपोर्टचा संबंध नाही. म्हणून सहीखालची तारीख बघायची.

फ्रॉडचं काय? फ्रॉडमुळे आलेली मोठी चूकसुद्धा शोधायचा प्रयत्न ऑडिटरने करायचाच असतो, ती त्याची जबाबदारी आहे, पण कागद खोटे बनवले आणि वरची माणसं मिळालेली असली की ती चूक नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त, हेही रिपोर्टमध्ये छापलेलं असतं. सत्यमचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे चेअरमन रामलिंग राजूंनी कबूल केलं की ३० सप्टेंबर २००८ ला वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी नव्हतेच. आदल्या मार्चच्या हिशेबावर ऑडिटरचा रिपोर्ट क्लीन होता. बँकेतली शिल्लक ही तर थेट बँकेकडून पत्र मागवून तपासता येणारी गोष्ट, त्यामुळे तिथे ऑडिटच्या मर्यादेकडे बोट दाखवून भागत नाही, तपासणी किती नीट झाली हाच प्रश्न उरतो. शेअरहोल्डरला बाहेरून हे दिसत नाही. दिसतं ते एवढंच की प्रचंड रोकड आहे असं म्हणणाऱ्या कंपनीचं व्याजाचं उत्पन्न त्या रकमेला साजेसं आहे का, आणि ते प्रत्येकाने तपासावं. १,००० कोटींच्या ठेवी वर्षभर होत्या आणि व्याज १५ कोटी, तर हिशेब विचारायला पाहिजे.

पायरी ६: प्रश्न विचारा

कंपनी कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ऑडिटरच्या प्रत्येक क्वालिफिकेशनवर संचालक मंडळाला बोर्ड रिपोर्टमध्ये खुलासा द्यावा लागतो, तो काढून ऑडिटरच्या परिच्छेदाशेजारी ठेवून वाचा. कलम १४६ प्रमाणे ऑडिटरने किंवा त्याच्या पात्र प्रतिनिधीने एजीएमला हजर राहायचं असतं, कंपनीने सूट दिली नसेल तर. एजीएम ऑनलाइन असेल तर स्पीकर म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं, शेवटची तारीख नोटिशीत असते. प्रश्न गोल नको. "कंपनीची स्थिती कशी आहे" याला गोल उत्तर मिळतं. "ग्रुप कंपनीकडच्या ४२ कोटींपैकी ३१ मार्चनंतर आजपर्यंत किती आले" असं विचारलं की आकडा तरी द्यावा लागतो, नाहीतर टाळल्याचं सगळ्यांसमोर दिसतं.