शाळेचा खर्च पगार आणि सोयाबीनच्या हिशोबाने

वेगळे राहणाऱ्या आईबापांपैकी एकाला पगार आणि दुसऱ्याची शेती असेल, तर आधी शेतीचं उत्पन्न नीट काढा. बियाणं, खत, फवारणी, मजुरी वजा करून तीन वर्षांची सरासरी घ्या. एकट्या चांगल्या सालावर वाटा ठरवला की पुढच्या दुष्काळात भांडण ठरलेलंच.

समजा, लातूरला नोकरी करणाऱ्या आईच्या हातात महिन्याला ४२,००० येतात आणि औशाकडच्या बापाची शेती महिन्याला सरासरी १८,००० देते. एकूण ६०,०००, म्हणजे वाटा ७०:३०. फी, व्हॅन, गणवेश, वह्या-पुस्तकं मिळून वर्षाचे ५०,००० झाले, तर आईचे ३५,०००, बापाचे १५,०००.

फी जूनमध्ये, सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास. म्हणून जूनचा भरणा आईने करावा, पावतीचा फोटो लगेच पाठवावा आणि बापाने परतफेड कधी करायची ती तारीख समझोत्यातच लिहून घ्यावी. ट्यूशन मात्र दोघांना विचारूनच.