गार कॉफीची बाटली घेताना या चुका टाळा

मे महिन्यात रत्नागिरी-कणकवलीकडे घामाच्या धारा लागल्या की स्टँडजवळच्या दुकानात सोडा आणि कोकमाच्या शेजारी कॉफीच्या बाटल्या आणि कॅन दिसायला लागतात. गणपतीत मुंबईहून गावाला निघालेले तर हमखास उचलतात. पिऊ नका असं कोण सांगणार? पण मागचा तक्ता वाचताना चुका होतात, आणि त्या बहुतेकांच्या सारख्याच असतात.

१०० मिलीचा आकडा अख्ख्या बाटलीचा समजणं

तक्त्यातले आकडे बहुधा १०० मिलीचे असतात. भाचा बाटली दाखवत म्हणाला, "मामा, साडेदहाच ग्रॅम साखर आहे." बाटली होती २०० मिलीची, म्हणजे २१ ग्रॅम. आधी समोरचं मिलीचं माप बघा, मग तक्ता. शिवाय 'सर्व्ह साइज' काय लिहिलंय तेही बघा, कारण एका बाटलीत दोन सर्व्ह धरलेले असू शकतात, आणि उघडलेली बाटली अर्धी ठेवणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

टक्क्यांच्या रकान्यातून चटकन हिशेब निघतो. आपल्याकडे लेबलवर अॅडेड शुगरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम धरून काढतात. म्हणून जेवढे टक्के, त्याच्या निम्मे ग्रॅम. भाच्याच्या बाटलीवर २८ टक्के होते आणि अख्खी बाटली एकच सर्व्ह होती, म्हणजे तिच्यात १४ ग्रॅम वरून घातलेली साखर.

एकूण साखरेची तुलना घरच्या चमच्यांशी करणं

इथे लोक उलट्या बाजूने चुकतात. भाच्याच्या बाटलीतली २१ ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे साखर, असं म्हणून घरची कॉफी लगेच साधुसंत ठरवतात. पण त्या २१ पैकी १४ ग्रॅमच वरून घातलेली; उरलेली ७ दुधाची स्वतःची. ती घरच्या कपातही असतेच, कारण १०० मिली दुधात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास साखर असते.

आता घरचा २०० मिलीचा ग्लास घ्या: दीडशे मिली दूध, थोडं पाणी, दोन चमचे साखर. सपाट चमच्यात चार-पाच ग्रॅम बसतात, म्हणजे वरची साखर आठ ते दहा ग्रॅम. बाटलीपेक्षा कमी खरी, पण तिसरा चमचा पडला की बरोबरी झालीच. पाहुणे आले म्हणून मिक्सरमध्ये आइस्क्रीम घालून फिरवलेली कोल्ड कॉफी तर बाटलीच्याही पुढे जाते. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून गरम कॉफीला पुरणारी साखर गार कॉफीत अपुरी वाटते. बाटलीवाल्याचं आणि आपलं, दोघांचंही माप तिथेच वाढतं.

'नो अॅडेड शुगर' वाचून मधुमेहवाल्यांनी निर्धास्त होऊ नये. दुधाची साखर त्यातही असते.

कॅफिन लिहिलं नाही, म्हणजे नाहीच

पोषणाच्या सक्तीच्या तक्त्यात कॅफिन येत नाही. कुठे आकडा छापलेला असतो, कुठे नसतो. नसेल तेव्हा घटकांच्या यादीत कॉफीचे टक्के शोधा. 'इन्स्टंट कॉफी १.२%' असेल तर २०० मिलीत साधारण २.४ ग्रॅम पावडर झाली. इन्स्टंट पावडरमध्ये कॅफिन तीन टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे सत्तरेक मिलिग्रॅम. घरी दोन ग्रॅमचा चमचा घातला तर साठेक. फार फरक नाही. यादीत चिकोरी दिसली तर टक्के निव्वळ कॉफीचे की मिश्रणाचे ते पाहा, कारण चिकोरीत कॅफिन नसतं. घरच्या डब्यावरही हेच बघायचं.

हा हिशेब दुधाच्या बाटलीला आणि इन्स्टंट पावडरला लागू. बिनदुधाच्या 'कोल्ड ब्रू'ला नाही. त्यात साखर शून्य असू शकते, पण कॅफिन दुधाच्या बाटलीच्या दुप्पटही निघू शकतं. गार, पातळ, सरबतासारखी लागते म्हणून दोन सहज रिचवल्या जातात. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात, गरोदर बाईला २०० पर्यंत. चहाचे कपही त्यातच मोजायचे. लहान मुलांच्या हातात मात्र देऊच नका, चॉकलेटच्या चवीची असली तरी.

झोप उडवायला घाट चढताना पिणं

रात्रीच्या ड्रायव्हिंगला हा उपाय लोक भलत्या वेळी करतात. कशेडीच्या तोंडाशी डोळे मिटायला लागल्यावर कॅन फोडून उपयोग नाही. कॅफिनला अंमल दाखवायला अर्धा तास सहज लागतो. गाडी धाब्यावर लावा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं डुलकी काढा. जाग येईपर्यंत कॅफिन चढायला लागलेलं असतं. पहाटे घरी पोहोचून लगेच झोपायचा बेत असेल तर मात्र शेवटचा कॅन टाळा, पाच-सहा तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात शिल्लक असतं.