मोठा रेझिस्टर आणि सरकणारं शून्य: ऑप-अँपमधला दोषी कसा शोधावा

फोटोडायोडचा बारीक करंट मोजायला ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये १०० मेगाओहम लावले की अंधारातही आउटपुट शून्यावर राहत नाही. चालू केल्यावर ते हळूहळू सरकतं, खोली तापली की आणखी सरकतं. यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे ऑफसेटचा प्रीसेट फिरवून शून्य करून घ्या. हे करू नका. प्रीसेट त्या क्षणीची बेरीज शून्य करतो. त्या बेरजेत दोन वेगळ्या चुका असतात: ऑफसेट, म्हणजे दोन इनपुटांमध्ये राहणारा थोडा व्होल्टेजचा फरक, आणि बायस करंट, म्हणजे इनपुट पिनमधून वाहणारा बारीक करंट. आउटपुटला दोन्ही तापमानाबरोबर वेगवेगळ्या गतीने वाढतात. सकाळी साधलेलं शून्य दुपारी टिकत नाही.

आधी कोणती चूक किती आहे ते मोजा, मग उपाय करा. मोजायला तीन रीडिंग पुरतात.

उदाहरणाला टीएल०७१ घेऊ. डेटाशीटप्रमाणे त्याचा ऑफसेट साधारण ३ मिलिव्होल्ट आणि बायस करंट ६५ पिकोअँपिअर. प्लस इनपुट थेट ग्राउंडला, फीडबॅक रेझिस्टर आउटपुटपासून मायनस इनपुटला, त्याला समांतर १० पिकोफॅरड, आणि सगळं ग्राउंड केलेल्या बंद धातूच्या डब्यात. सुरू केल्यावर पंधरा मिनिटं थांबा. चिप स्वतःच्याच वीजवापराने चार-एक अंश तापते आणि तेवढ्यानेही रीडिंग हलतं.

पहिलं रीडिंग. डायोड काढून ठेवा, १०० मेगाओहमच्या जागी १ किलोओहम लावा. आउटपुटला जे दिसेल तो निव्वळ ऑफसेट: ३ मिलिव्होल्ट.

दुसरं रीडिंग. डायोड अजून बाहेरच. १०० मेगाओहम परत लावा. आता बायस करंटला दुसरी वाट नाही, तो सगळा या रेझिस्टरमधूनच जातो. ६५ पिकोअँपिअर गुणिले १०० मेगाओहम म्हणजे ६.५ मिलिव्होल्ट. आउटपुट ९.५ दिसेल. चिन्हं उलट असली तर बेरजेऐवजी वजाबाकी होते, इथे बेरीज धरू.

तिसरं रीडिंग. डायोड जोडा, पूर्ण अंधार ठेवा. आउटपुट आणखी वाढेल, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. माझाही झाला होता.

अंधारातला डायोड म्हणजे उघडी वायर नव्हे. त्याला स्वतःचा समांतर रोध असतो. मोठ्या आकाराच्या डायोडचा तो १०० मेगाओहम धरू. मायनस इनपुट ऑफसेटमुळे ग्राउंडपासून ३ मिलिव्होल्ट वर बसलेलं असतं. डायोडची दुसरी बाजू ग्राउंडला आहे, म्हणून या ३ मिलिव्होल्टमुळे डायोडमधून ३० पिकोअँपिअर वाहतात. ते येणार फीडबॅक रेझिस्टरमधूनच, म्हणजे आउटपुटला आणखी ३ मिलिव्होल्ट. तिसरं रीडिंग १२.५. पूर्ण हिशेब असा:

```
Vout = Vos × (1 + Rf/Rsh) + Ib × Rf
```

यात `Vos` म्हणजे ऑफसेट, `Ib` म्हणजे बायस करंट, `Rf` म्हणजे फीडबॅक रेझिस्टर आणि `Rsh` म्हणजे डायोडचा समांतर रोध. ऑफसेट किती पटीने दिसणार हे तो ठरवतो.

ही गोष्ट कळण्याआधी मी एक मल्टीमीटर आउटपुटला ठेवून दुसऱ्याने मायनस पिनवरचं व्होल्टेज बघायला गेलो. प्रोब टेकताच आउटपुट ३० मिलिव्होल्टने उडालं. चिप खराब समजून मी तीन चिपा बदलल्या, प्रत्येक वेळी तीच उडी. दोष प्रोबचा होता. मल्टीमीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम असतो. ३ मिलिव्होल्ट भागिले १० मेगाओहम म्हणजे ३०० पिकोअँपिअर, आणि १०० मेगाओहममध्ये त्याचे होतात ३० मिलिव्होल्ट. मी मोजत होतो ती चूक मीच दहा पटीने वाढवत होतो. त्यामुळे मायनस पिनला मीटर कधीही लावू नका. जे मोजायचं ते आउटपुटलाच.

दुसऱ्या रीडिंगमध्येही एक फसवणूक असते. हिशेबाने बायस करंट १.५ नॅनोअँपिअर आला, तर चिपला दोष देऊ नका. टीएल०७१ चा २५ अंशांना जास्तीत जास्त २०० पिकोअँपिअर असतो. उरलेला करंट बोर्डच्या पृष्ठभागावरून येतोय. सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला, बोटांचा घाम लागला, की १५ व्होल्टच्या पट्टीपासून मायनस पिनपर्यंत १० गिगाओहमची वाट सहज तयार होते, आणि तेवढ्यानेच १.५ नॅनोअँपिअर येतात. बोर्डवर हलकीशी फुंकर घाला. तोंडातल्या दमटपणाने रीडिंग उडून सावकाश परत आलं, तर गळती पृष्ठभागाचीच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा मोजा. मी तर मायनस पिन बोर्डमध्ये घालतच नाही. ती वर वाकवून रेझिस्टर आणि डायोडची तार हवेतच तिला सोल्डर करतो. ब्रेडबोर्डवर हे काम होत नाही.

आता तापमान. टीएल०७१ सारख्या फेट इनपुटच्या चिपचा बायस करंट दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो आणि डायोडचा समांतर रोध तेवढ्यातच निम्मा होतो. २५ वरून ४५ अंशांवर गेलात तर बायसची चूक ६.५ ची २६ मिलिव्होल्ट होते. डायोडचा रोध २५ मेगाओहमवर उतरतो, म्हणून ऑफसेट दुपटीऐवजी पाचपट दिसतो, म्हणजे १५. एकूण १२.५ चे ४१. ऑफसेट स्वतः या २० अंशांत अर्धा मिलिव्होल्टही हलत नाही. सरकतं ते त्याच्याभोवतीचं सगळं.

उपायांपैकी दोन ऐकिवातले आधीच बाजूला काढा. प्लस इनपुटला तेवढाच रेझिस्टर लावायचा सल्ला दोन्ही इनपुटचे करंट जवळपास सारखे असतील तरच चालतो. फेटमध्ये तशी खात्री नसते. फेट नसलेल्या ७४१ ऑप-अँपमध्ये त्यांच्यातला फरकच २० नॅनोअँपिअरच्या घरात, म्हणजे १०० मेगाओहमवर २ व्होल्ट उरतात. दुसरा सल्ला, लहान रेझिस्टरांच्या टी-जाळ्याने मोठा रोध बनवायचा. १ मेगाओहम आणि शंभरास एक विभाजक लावून १०० मेगाओहम मिळतात खरे, पण ऑफसेटही शंभर पटीने वाढून ३०० मिलिव्होल्ट होतो.

खरा उपाय रीडिंगच सांगतात. पहिल्या-दुसऱ्यातला फरक मोठा असेल तर चिप बदला. एलएमसी६६२ चा बायस करंट साधारण २ फेम्टोअँपिअर असतो, १०० मेगाओहमवर ते मायक्रोव्होल्टच्याही आत. मात्र तिला एकूण १५ व्होल्टच्या वर सप्लाय देऊ नका; मी प्लस-मायनस ५ देतो. तिचा ऑफसेट साधारण १ मिलिव्होल्ट असतो. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक मोठा असेल तर चिपेने थोडंच भागेल, डायोडच बदलावा लागेल. एलएमसी६६२ बरोबर वरचाच डायोड ठेवला तर शून्य २५ अंशांना २ मिलिव्होल्ट आणि ४५ ला ५. लहान आकाराचा, १ गिगाओहम समांतर रोधाचा डायोड लावला तर तेच १.१ वरून १.४ वर जातं.