डिजिटल वर्गाचं अंदाजपत्रक: पॅनल मोजण्याआधी या चुका टाळा

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत सात टच पॅनल एकाच दिवशी आले. तारीख होती २६ मार्च. देणगीदार कंपनीला ३१ मार्चच्या आत बिल हवं होतं, म्हणून आठ लाख रुपयांत बसतील तेवढे पॅनल घेतले. वायरिंगचं काम जूनमध्ये सुरू झालं आणि पॅनल भिंतीवर चढले जुलैत. वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून धरलेली होती, त्यामुळे पहिला तास होण्याआधीच तिचे चार महिने संपले. ऑगस्टमध्ये विजा कडाडल्या त्या रात्री दोन पॅनल गेले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मागचं झाकण उघडलं, काळी पडलेली पट्टी दाखवली आणि सांगितलं, की विजेच्या दाबाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. शाळेच्या खात्यात त्यासाठी एक रुपयाही बाजूला ठेवलेला नव्हता.

तेव्हापासून आसपासच्या शाळांची अंदाजपत्रकं बघायला मी जातो. त्यातल्या बहुतेकांत तीच चूक पहिल्या ओळीत असते: ‘एकूण वर्गखोल्या ७, म्हणून पॅनल ७.’ हिशोब उलट्या बाजूने करायला हवा. शाळेला दरवर्षी किती खर्च पेलवेल ते आधी काढा. त्यावरून किती खोल्या करायच्या ते ठरतं.

वार्षिक खर्च न काढता खोल्या ठरवणं

जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची, १४० पटाची शाळा धरू. हातात आठ लाख आहेत: कंपनीच्या सीएसआर निधीतून साडेपाच लाख आणि गावाच्या लोकवर्गणीतून अडीच लाख. पुढचे दर आमच्या भागात गेल्या वर्षी मिळालेल्या कोटेशनांवरून धरले आहेत. तुमच्याकडे ते थोडे कमी-जास्त असतील, पण हिशोबाची रीत तीच राहते.

एका खोलीचा वर्षाचा खर्च असा येतो. इन्व्हर्टरची बॅटरी साधारण चार वर्षं टिकते आणि नवीन पंधरा-सोळा हजारांना पडते, म्हणजे वर्षाला चार हजार बाजूला टाकायला हवेत. पॅनल दीडशे वॅटचा धरला आणि रोज तीन तास असा २२० दिवस चालवला, तर साधारण शंभर युनिट होतात, म्हणजे हजारेक रुपये. वॉरंटीनंतरच्या दुरुस्तीसाठी सहा हजार, तर केबल, रिमोट, स्टायलस यांना एक हजार. एकूण बारा हजार. त्याशिवाय इंटरनेट आणि विमा मिळून सगळ्या शाळेचे वर्षाला बारा हजार होतात.

सात खोल्या केल्या तर वर्षाला ९६ हजार लागतील. शाळेकडे काय येतं? समग्र शिक्षाच्या निकषांनुसार १०० ते २५० पटाच्या शाळेचं संयुक्त अनुदान ५० हजार असतं. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. उरलेल्यात खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती आणि रंगरंगोटी भागवायची. डिजिटल वर्गासाठी त्यातून पंधरा हजार निघाले तरी पुष्कळ. पंधरा आणि शहाण्णव यांतली दरी गाव एक वर्ष भरून काढेल, दुसऱ्या वर्षी कुरकुर होईल, आणि तिसऱ्या वर्षी पॅनलवर कापड चढेल.

तीन खोल्या केल्या तर वर्षाला ४८ हजार लागतात. हा आकडा पाच वर्षं निभावता येतो. सरकारी निकषातही हेच दिसतं. समग्र शिक्षातून संगणक प्रयोगशाळेसाठी एकरकमी ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत रक्कम धरलेली आहे. म्हणजे पाच वर्षांचा चालू खर्च बारा लाख, सामानाच्या जवळजवळ दुप्पट. त्यात शिकवणाऱ्या माणसाचं मानधनही येतं हे खरं, पण दुरुस्तीला ‘पाच टक्के’ लिहून मोकळं होणाऱ्याने हे प्रमाण एकदा पाहावं.

वीज ‘इतर खर्च’ म्हणून सोडून देणं

पॅनल गेल्यानंतर आमच्याकडे आलेल्या वायरमनने मीटरच्या पेटीतली हिरवी तार ओढून बघितली. ती हातातच आली. “सर, अर्थिंग आहे कुठे? ही तार नुसती भिंतीत खोचलीय.” दहा वर्षं ट्यूब आणि पंखे विनातक्रार चालले होते, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. वायरमनला प्लगमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, तोही शाळेतले सगळे पंखे चालू ठेवून. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पाचाच्या वर गेला तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग कमकुवत आहे. फेज आणि अर्थमध्येही मोजून घ्या. तिथे साधारण २३० दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही किंवा आकडा भलताच कमी आला, तर अर्थिंग जोडलेलंच नाही असं समजा. ही मोजणी एप्रिल-मेमध्ये करावी, कारण मुरमाड जमिनीतला अर्थिंगचा खड्डा तेव्हा कोरडा पडतो. पावसाळ्यात मोजलं तर आकडा चांगला येतो आणि फसायला होतं.

नवा अर्थिंग खड्डा, मीटरपासून स्वतंत्र लाइन, एमसीबी आणि लाट अडवणारं सर्ज प्रोटेक्टर, एवढं सगळ्या इमारतीसाठी आमच्याकडे ४५ हजारांत झालं. हे काम पूर्ण होऊन आकडे वहीत लिहिले गेले की मगच पॅनलची ऑर्डर द्यायची. वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून आणि शाळेत येऊन दुरुस्तीची हवी, हे खरेदीच्या आदेशातच लिहून घ्या. चाळीस किलोचा पॅनल उतरवून जिल्ह्याच्या गावी नेणं म्हणजे गाडीभाडं आणि फुटण्याची भीती, दोन्ही आलं.

टप्पे म्हणजे नुसते हप्ते समजणं

‘पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी दोन’ असं लिहिलं की ती नुसती हप्तेबंदी होते. टप्पा तेव्हाच म्हणायचा, जेव्हा आधीचा टप्पा नीट चालला नाही तर पुढचा थांबवता येतो. वरच्या शाळेचे टप्पे मी असे मांडले.

पहिल्या वर्षी विजेचं काम ४५ हजार, एकच खोली आणि प्रशिक्षण. खोलीत पॅनल १ लाख १० हजार, इन्व्हर्टर-बॅटरी २५ हजार, जाळीचं दार, कुलूप आणि पडदे ८ हजार, असे १ लाख ४३ हजार. प्रशिक्षणाचे २४ हजार धरून टप्पा २ लाख १२ हजारांचा होतो. त्या खोलीत एक वही टांगायची. तारीख, इयत्ता, किती मिनिटं, काय दाखवलं, काय अडलं, एवढेच रकाने. सहा महिन्यांनी ती वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवायची. फक्त दोनच शिक्षकांच्या सह्या दिसत असतील तर दुसरी खोली घ्यायची नाही, आधी बाकीच्यांचं काय अडतंय ते बघायचं.

दुसऱ्या वर्षी दोन खोल्या, २ लाख ८६ हजार, आणि पुन्हा प्रशिक्षणाचे २४ हजार. तिसऱ्या वर्षी नवीन खोली नाही, फक्त १२ हजारांचं प्रशिक्षण. सामान आणि प्रशिक्षण मिळून ५ लाख ३४ हजार होतात आणि ते कंपनीच्या साडेपाच लाखांत बसतात. दर वाढले तर सोळा हजार हाताशी राहतात.

आता देखभाल. पहिल्या वर्षी एका खोलीचे बारा आणि इंटरनेट-विम्याचे बारा असे २४ हजार, पुढची चार वर्षं ४८ हजार, एकूण २ लाख १६ हजार. संयुक्त अनुदानातून पाच वर्षांत ७५ हजार आले, तर १ लाख ४१ हजार कमी पडतात. ही रक्कम लोकवर्गणीतून काढून पहिल्याच महिन्यात मुदत ठेवीत टाकायची. कंपनीच्या पैशातून राखीव निधी ठेवायला जाऊ नका. कंपन्यांना खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, आणि बँकेत पडून राहिलेली रक्कम त्यांच्या हिशोबात खर्च झालेली दिसत नाही. प्रस्ताव देतानाच ‘बहुवर्षीय प्रकल्प’ म्हणून मांडला तर दोन-तीन वर्षांत हप्त्याने रक्कम देण्याची वाट कंपनीकडे असते. आम्ही ते मार्चमध्ये विचारलं, तोवर उशीर झाला होता.

लोकवर्गणीतले उरलेले १ लाख ९ हजार दुसरं वर्ष संपेपर्यंत हलवायचे नाहीत. चौथ्या खोलीची मागणी येईलच. तेव्हा नुसते १ लाख ४३ हजार बघू नका. तिच्या उरलेल्या तीन वर्षांच्या देखभालीचे ३६ हजारही त्यात मिळवा. एकूण १ लाख ७९ हजार होतात, म्हणजे गावाला आणखी ७० हजार उभे करावे लागतील. वही भरलेली असेल तर ते मागायला तोंड राहतं.

कंपनीच्या डेमोला प्रशिक्षण म्हणणं

पुरवठादाराचा माणूस दोन तासांत सगळी बटणं दाखवून जातो. पुढच्या सोमवारी पडद्यावर `No Signal` येतं आणि बाई वर्ग घेऊन परत आपल्या खोलीत जातात. बहुतेक वेळा पॅनल बिघडलेलाच नसतो, आदल्या तासाला कुणीतरी लॅपटॉप लावून इनपुट बदललेला असतो. `Source` दाबून आधीचं इनपुट निवडलं की काम होतं. एक एक अडचण घेऊन, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही.

म्हणून २४ हजारांची फोड अशी करावी: अर्ध्या दिवसाची पाच सत्रं, प्रत्येकी तीन हजार. त्यांत प्रत्येक शिक्षकाने दीक्षावरून आपल्याच इयत्तेचा एक घटक आधी डाउनलोड करायचा आणि इंटरनेट बंद ठेवून शिकवायचा. उरलेल्या नऊ हजारांत प्रशिक्षकाच्या तीन भेटी, त्याही सत्रं संपल्यावर महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, चालू तासाला मागे बसून. माझ्या अनुभवात खरी शिकवणी या भेटींतच होते. तिसऱ्या वर्षाचे १२ हजार बदल्यांसाठी आहेत. जिल्हा परिषदेत शिक्षक बदलून जाणारच. शिकलेले गेले आणि नव्यांसाठी तरतूद नसली, तर चांगला पॅनलही बंद राहतो.

उन्हाळ्याची सुट्टी विसरणं

दीड महिना शाळा बंद. जाताना कुणीतरी मेन स्विच पाडतं, बॅटरी हळूहळू उतरते आणि जूनमध्ये ती चार्जच धरत नाही. चार वर्षांची बॅटरी अशी दोन वर्षांत जाते आणि वर धरलेला चार हजारांचा हिशोब कोसळतो. पॅनलचा प्लग काढून ठेवा, इन्व्हर्टर मात्र पंधरा दिवसांतून एकदा दिवसभर चार्जिंगला लावा आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. यासाठी गावातल्याच एका माणसाला दोन चकरांचे पाचशे रुपये द्या, आणि ते देखभालीच्या खात्यात त्याच्या नावासह लिहून ठेवा. आमच्याकडे हे काम शाळेशेजारचे पीठगिरणीवाले काका करतात. जुनी बॅटरी बदलताना भंगारवाल्याला देण्याऐवजी दुकानदाराला परत दिली, तर नवीनच्या किमतीत सूट मिळते. ती रक्कमही त्याच खात्यात जमा करा.