गेटवरच्या स्क्रीनवर शिळा साठा: ईआरपी जोडताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचं उदाहरण घेऊ. साठा ईआरपीत असतो आणि डिस्पॅचवाले गेटवर वेगळं ॲप वापरतात. ॲपमध्ये एका कास्टिंगचे 120 नग तयार दिसतात. 10:02 ला तपासणीत ब्लोहोल सापडतात, म्हणून क्वालिटीवाले त्यातले 40 नग ईआरपीत होल्डवर टाकतात. 10:20 ला गेटवर चाकणची गाडी भरली जाते, पूर्ण 120 नगांची. दोन्ही सॉफ्टवेअर ठणठणीत असतात. बिघाड मधल्या जोडणीत असतो.

"दर अर्ध्या तासाला" म्हणजे अर्धा तास नव्हे

ईआरपीतला साठा ॲपमध्ये आणणारी बॅच दर 30 मिनिटांनी सुरू होते आणि संपायला 6 मिनिटं लागतात, असं धरा. 10:00 च्या फेरीने डेटा वाचून झाल्यावर आलेला होल्ड थेट 10:30 च्या फेरीत उचलला जातो आणि गेटवर 10:36 ला दिसतो. म्हणजे डेटा जास्तीत जास्त 36 मिनिटं शिळा असू शकतो. गाडी वीस मिनिटांत भरून निघत असेल, तर ही बॅच होल्डसाठी कुचकामी आहे. रेटलिस्ट किंवा खातेउताऱ्यासाठी मात्र रात्रीची एक बॅच पुरते. तिथे बदल होताच निरोप पाठवणाऱ्या इव्हेंटचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

दोन फेऱ्यांच्या फटीत हरवलेली नोंद

ही चूक सगळ्यात छुपी. बॅच साधारणपणे "मागच्या फेरीनंतर बदललेलं" तेवढंच आणते. पण एखाद्या नोंदीवर 9:59:58 ची वेळ पडते आणि तिचा व्यवहार 10:00:05 ला कमिट होतो. 10:00 च्या फेरीला ती दिसत नाही आणि पुढची फेरी 10:00 पासूनचंच मागते. नोंद कायमची सुटते, एरर लॉग मात्र कोरा. फेरी संपल्याची वेळ, म्हणजे 10:06, खूण म्हणून साठवली असेल तर फट आणखी सहा मिनिटांनी रुंदावते.

खूण नेहमी फेरी सुरू झाल्याची ठेवा, आणि तीही ईआरपीच्या डेटाबेसच्या घड्याळाची. पुढच्या फेरीत त्यातून 5 मिनिटं मागे जा:

```sql
-- :from_time = मागच्या फेरीची सुरुवात - 5 मिनिटे
SELECT txn_id, item_code, qty, status
FROM stock_txn
WHERE updated_at >= :from_time;
```

तुमच्याकडे सर्वात लांब चालणारा व्यवहार 5 मिनिटांहून मोठा असेल, तर ही मागची ओढ त्याहून जास्त ठेवा. काही नोंदी दोनदा येतील, म्हणून ॲपच्या बाजूला `txn_id` युनिक हवा. तीच नोंद पुन्हा आली की जुनीवरच लिहायची. ईआरपीतून डिलीट झालेल्या ओळी या क्वेरीला दिसतच नाहीत. त्यामुळे नोंद पुसण्याऐवजी `status` रद्द करायची शिस्त लावा.

इव्हेंट लावला, तरी हिशेब चुकतो

होल्ड पडताच ईआरपीने इव्हेंट पाठवला, तर तो सेकंदांत गेटवर पोचतो. पण बहुतेक क्यू निरोप "किमान एकदा" पोचवतात, म्हणजे कधीकधी दोनदाही. इव्हेंटमध्ये "40 वजा करा" असं लिहिलं असेल, तर 120 चे 80 होण्याऐवजी 40 होतात. त्याऐवजी "आता उपलब्ध 80, आवृत्ती 57" असं पाठवा. ॲपकडे 57 किंवा त्यापुढची आवृत्ती आधीच असेल, तर इव्हेंट सोडून द्यायचा. दुहेरी निरोपाचा आणि मागे-पुढे झालेल्या क्रमाचा, दोन्हींचा बंदोबस्त यातच होतो.

होल्ड सेव्ह झाला आणि इव्हेंट पाठवायच्या आत सर्व्हर बसला, असंही होतं. म्हणून होल्डची नोंद आणि पाठवायचा इव्हेंट एकाच व्यवहारात दोन टेबलांत लिहा. दुसऱ्या टेबलातून उचलून क्यूवर टाकायचं काम वेगळा जॉब करेल.

शांतता म्हणजे सगळं ठीक, हा समज

बॅच पडली की निदान जॉब लाल दिसतो. इव्हेंट घेणारा प्रोग्रॅम बंद पडला तर स्क्रीनवर जुनाच आकडा ऐटीत बसलेला असतो, आणि "आज हालचाल नाही" व "निरोपच येत नाहीत" यांत फरक कळत नाही. ईआरपीकडून दर मिनिटाला एक रिकामा इव्हेंट त्याच क्यूमधून पाठवा. पाच मिनिटं तो आला नाही, तर ॲपने आकडा लाल करून लोडिंग थांबवावं.

याच्या जोडीला रात्रीची एक बॅच ठेवाच, फक्त ताळ्यासाठी. एकच कटऑफ धरून दोन्हीकडचा आयटमवार साठा जुळवा. फरक आला तर आकडा गुपचूप दुरुस्त करू नका. कोणता `txn_id` सुटला ते आधी शोधा, नाहीतर तीच गळती उद्याही चालू राहील.

एवढं करूनही गेटवर शिळा साठा दिसत असेल, तर शॉप फ्लोअरवर जा. तपासणीवाला रिजेक्शन वहीत लिहून ठेवत असेल आणि शिफ्ट सुटताना एकदम भरत असेल, तर दोन सेकंदांत पोचणारा इव्हेंटही आठ तास जुनी बातमीच आणतो. क्यू तपासण्याआधी तपासणीची वेळ आणि नोंदीची वेळ ही दोन वेगळी फील्ड ईआरपीत आहेत का, ते पाहा.