चाळिशीचा चष्मा घेताना या चुका टाळा

जवळचे अक्षर पुसट दिसू लागले की दुकानात येणारे बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात तो प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली लांबपासून जवळपर्यंतचा नंबर हळूहळू बदलत जाणारा चष्मा, केवढ्याला पडेल हा. मी त्यांना उलट विचारतो की दिवसातला बराचसा वेळ आपली नजर किती अंतरावर असते, आणि याचे उत्तर सहसा कोणापाशी नसते. काच निवडताना होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे.

पुण्यातल्याच एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या 52 वर्षांच्या बाई मागे माझ्याकडे आल्या, त्या मान अवघडल्याची तक्रार घेऊन. लांबचा नंबर शून्य, जवळचा +2.00, आणि वडिलांनी आयुष्यभर बायफोकल, म्हणजे वरच्या भागात लांबचा आणि खालच्या खिडकीत जवळचा नंबर असलेला चष्मा, वापरला म्हणून त्यांनीही दुसरीकडून तोच करून घेतलेला होता. "पासबुक स्वच्छ दिसतं, समोरचा माणूसही दिसतो, फक्त स्क्रीनवरचे आकडे दिसत नाहीत," असे त्या म्हणाल्या. चष्म्याचा नंबर अचूक होता. चुकला होता तो प्रकार. +2.00 च्या खिडकीतून स्पष्ट दिसण्याची लांबची हद्द 50 सेंटिमीटर असते, कारण 100 सेंटिमीटरला नंबराने भागले की ती हद्द मिळते. वरच्या भागातून पाहताना डोळ्याला स्वतःच्या ताकदीवर विसंबावे लागते, आणि ती त्यांच्याकडे एका नंबराएवढी उरली असल्याने त्या भागातून एक मीटरच्या अलीकडचे काही स्पष्ट होत नव्हते. म्हणजे 50 सेंटिमीटर ते एक मीटर हा पट्टा काचेच्या दोन्ही भागांच्या मधोमध निसटत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी टेपने मोजून आणलेले स्क्रीनचे अंतर नेमके 65 सेंटिमीटर निघाले. खिडकीतून आकडे पाहण्यासाठी त्या दिवसभर हनुवटी वर करून आणि पुढे वाकून बसत होत्या. मान दुखणार नाही तर काय होईल?

त्यांना मी टेबलासाठी +1.50 चा साधा सिंगल व्हिजन चष्मा दिला. त्यातून 66 सेंटिमीटरपर्यंतचे आरामात दिसते आणि डोळ्याने थोडा जोर लावला की 50 पर्यंतही येता येते. प्रोग्रेसिव्हमध्येही मधल्या अंतराचा पट्टा असतो, पण तो अरुंद असतो, आणि आठ तास एकाच स्क्रीनसमोर बसणाऱ्याला संपूर्ण काच त्याच अंतराची असणे अधिक सुखाचे, असे माझे मत आहे. अर्थात हा चष्मा घालून चालायचे किंवा गाडी चालवायची नाही, कारण लांबचे त्यातून धूसर दिसते. बाहेरच्या कामासाठी त्यांनी बायफोकल ठेवला. एकाच चष्म्यात सर्व काही हवे असा हट्ट धरणाऱ्यांना ही दोन चष्म्यांची गोष्ट आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

ज्यांचे काम दिवसभर अंतर बदलत असते, म्हणजे वर्गात शिकवणारे किंवा दुकान सांभाळणारे, त्यांना प्रोग्रेसिव्ह खरोखर उपयोगी पडतो. मात्र तेथे घाई नडते. फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवून, मगच नमुन्याच्या काचेवर प्रत्येक बुबुळाचा मध्य पेनाने टिपला गेला पाहिजे, आणि नाकाच्या मध्यापासून दोन्ही डोळ्यांचे अंतर वेगवेगळे मोजले गेले पाहिजे. ही पाच मिनिटे वाचवणाऱ्या दुकानातून मी तरी प्रोग्रेसिव्ह घेणार नाही. वाचताना हनुवटी फार उचलावी लागत असेल तर काच खाली बसली आहे. समोर चालताना मान झुकवावी लागत असेल तर ती वर बसली आहे. आणि पुस्तक एका बाजूला सरकवल्यावरच अक्षर स्पष्ट होत असेल तर आडवे माप चुकले आहे. अशा वेळी "सवय होईल" हे उत्तर मान्य करू नये. कडांना दिसणारी किंचित डुलण्याची जाणीव मात्र खरोखरच सवयीने जाते, पण त्यासाठी चष्मा दोन आठवडे सलग घालावा लागतो. दोन तास घालून परत आणून देणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. बुटक्या, फॅशनच्या फ्रेममध्ये वाचनाचा भाग कापला जातो, म्हणून तीस मिलिमीटरच्या आसपास उंचीची काच बसेल अशी फ्रेम घ्यावी.

रस्त्यावरचा तयार चष्मा पोस्टातला फॉर्म भरण्यापुरता ठीक आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल किंवा तिरपा नंबर असेल, तर त्यावर पुस्तक वाचू नये. पुढे वाढणारच आहे म्हणून जवळचा नंबर आधीच जास्त मागू नये, कारण त्याने वाचनाचे अंतर उगाच नाकाजवळ येते. ज्यांचा लांबचा नंबर −2.50 आहे त्यांनी काही विकत घेण्याआधी चष्मा काढून 40 सेंटिमीटरवर वर्तमानपत्र धरावे आणि चष्म्याशिवायच वाचता येते का ते पाहावे. आणि बायफोकल नवा असेल, तर पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना उतरताना मान खाली घालून वरच्या भागातून पायरी पाहावी, कारण खिडकीतून ती धूसर दिसते आणि पाऊल चुकते.